स्थलदर्शक नकाशावरचे अंतर आणि उतार वारंवार चुकतात तेव्हा काय तपासावे

भूगोलाच्या प्रात्यक्षिक वह्या तपासताना एकच दोष मला वर्षानुवर्षे भेटत आला आहे. विद्यार्थ्याने सूत्र बरोबर लिहिलेले असते, गुणाकार-भागाकार बिनचूक असतो, आणि तरीही उत्तर चुकलेले असते. चूक आकडेमोडीत नसल्यामुळे तोच विद्यार्थी तेच गणित पुन्हा सोडवतो आणि त्याच चुकीच्या उत्तरावर पोहोचतो. अशा वेळी गणित बाजूला ठेवून नकाशाकडे परत जावे लागते. त्यासाठी मी ज्या क्रमाने तपासणी करतो तो क्रम पुढे दिला आहे. पहिल्या तपासणीला फक्त मोजपट्टी लागते, शेवटची मात्र तज्ज्ञाकडे घेऊन जाते. बहुतेक वेळा पहिल्या तीन तपासण्यांतच दोष सापडतो.

लक्षणे

दोष आहे हे ओळखण्यासाठी शिक्षकांचे उत्तर हाताशी असावेच लागते असे नाही. पुढीलपैकी एखादे लक्षण दिसले तरी शंका घ्यावी.

एकाच पत्रकावरून दोघांनी मोजलेल्या एकाच अंतराची उत्तरे साधारण ०.७ पट किंवा १.४ पट वेगळी येतात. क्षेत्रफळाच्या बाबतीत हीच तफावत थेट निम्मी किंवा दुप्पट असते. समोच्च रेषांवरून काढलेली उंची नकाशावर छापलेल्या उंचीच्या आकड्याशी जुळत नाही. ओढा डोंगराच्या सोंडेवरून वाहत असल्याचे वर्णन वहीत लिहिले जाते. पायी सहज चढता येईल अशा उताराचा कोन १९° किंवा २०° निघतो. आणि जगाच्या नकाशावर मोजलेले दोन शहरांमधील अंतर प्रत्यक्ष अंतराच्या जवळजवळ दुप्पट येते.

ही लक्षणे वेगवेगळी दिसली तरी त्यांच्या मुळाशी एकच गोष्ट असते. नकाशावर छापलेली एखादी संख्या जिथे लागू होत नाही तिथे ती लावलेली असते. कोणती संख्या कुठे लागू होत नाही, हे शोधणे एवढेच पुढचे काम आहे.

पहिली तपासणी: हातातला कागद मूळ आकाराचा आहे का?

ही तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे, आणि माझ्या अनुभवात सर्वाधिक दोष इथेच सापडतात.

मूळ टोपोशीट मोठे असते. वर्गात वाटण्यासाठी त्याच्या एका भागाची छायाप्रत काढली जाते आणि ती काढताना ए३ आकाराचा कागद ए४ वर आणला जातो. यंत्र त्या वेळी सर्व लांब्या सुमारे ७१ टक्क्यांवर आणते. नकाशावरची प्रत्येक रेषा आखूड होते, पण खालच्या समासात छापलेले १:५०,००० हे अंकप्रमाण जसेच्या तसे राहते, कारण ती अक्षरे आहेत. अक्षरे लहान झाली तरी त्यांचा अर्थ बदलत नाही, आणि इथेच फसगत होते. शब्दप्रमाणाचेही तेच आहे. ‘१ सेंमीला अर्धा किलोमीटर’ हे वाक्य छायाप्रतीवर खोटे ठरते. तीन प्रकारांपैकी फक्त रेषाप्रमाण खरे राहते, कारण ते स्वतःच एक रेषा असल्यामुळे नकाशाबरोबर तेवढ्याच प्रमाणात आखूड होते. परीक्षेत ‘रेषाप्रमाणाचे फायदे’ म्हणून पाठ केलेले वाक्य इथे प्रत्यक्ष कामाला येते.

तपासणी अशी करावी. पत्रकावर किलोमीटरची चौकट-जाळी असेल तर एका चौकटीची बाजू मोजावी. १:५०,००० प्रमाणावर १ किमी म्हणजे २ सेंमी. चौकट २ सेंमी भरली तर कागद मूळ आकाराचा आहे. एकच चौकट मोजली की मोजपट्टीची अर्ध्या मिलिमीटरची चूकही मोठी ठरते, म्हणून पाच चौकटी एकदम मोजून पाचाने भागावे. जाळी नसेल तर समासातील अक्षांशाच्या खुणा वापराव्यात. अक्षांशाचे १ मिनिट सर्वत्र जवळजवळ १.८५ किमी असते, म्हणजे १:५०,००० वर ते ३.७ सेंमी भरायला हवे. या कामासाठी रेखांशाची मिनिटे मात्र वापरू नयेत. रेखावृत्ते ध्रुवांकडे जाताना एकत्र येत असल्यामुळे रेखांशाचे मिनिट विषुववृत्तावर सुमारे १.८५ किमी असले तरी ६०° अक्षांशावर ते निम्मेच उरते.

एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. पुढच्या तपासण्यांतही हेच उदाहरण वापरणार आहे. पत्रकावर १:५०,००० छापलेले आहे. ओढ्याच्या काठावरील ‘अ’ या बिंदूपासून टेकडीच्या माथ्यावरील ‘ब’ या बिंदूपर्यंतचे सरळ अंतर छायाप्रतीवर ५.१ सेंमी भरते. विद्यार्थी ५.१ ला ०.५ ने गुणतो आणि २.५५ किमी लिहितो. आता चौकट मोजली तर ती २ सेंमी न भरता १.४२ सेंमी भरते. म्हणजे या कागदावर १ किमी अंतर १.४२ सेंमीने दाखवले आहे. म्हणून खरे अंतर ५.१ ÷ १.४२, म्हणजे सुमारे ३.५९ किमी आहे. एक किलोमीटरहून अधिक फरक पडला, आणि तोही एकही गुणाकार न चुकता. या कागदाचे खरे अंकप्रमाण काढायचे असेल तर १ किमीचे १,००,००० सेंमी करून त्यांना १.४२ ने भागावे. उत्तर सुमारे १:७०,४०० येते. ते कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहून छापलेल्या प्रमाणावर काट मारावी, म्हणजे तासाभराने पुन्हा तीच चूक होत नाही.

मोबाइलच्या पडद्यावर नकाशा पाहणाऱ्यांना हीच अडचण अधिक तीव्रतेने येते, कारण दोन बोटांनी चित्र मोठे केले की प्रमाण दर वेळी बदलते. पडद्यावर अंकप्रमाणाला काही अर्थच उरत नाही. तिथे नकाशाबरोबर लहानमोठे होणारे रेषाप्रमाण किंवा जाळी यांवरच भरवसा ठेवावा.

दुसरी तपासणी: एकके आणि वर्ग

अंतराचे उत्तर दहापट किंवा शंभरपट चुकले असेल तर शून्ये मोजावीत, याहून वेगळे काही सांगण्यासारखे नाही. सेंटिमीटरचे किलोमीटर करताना पाच शून्ये जातात, एवढे लक्षात ठेवले की झाले.

क्षेत्रफळाचा दोष मात्र नीट समजून घ्यावा लागतो. लांबी ०.७१ पट झाली की क्षेत्रफळ ०.७१ × ०.७१, म्हणजे जवळजवळ निम्मे होते. मूळ १:५०,००० पत्रकावर १ चौ. सेंमी म्हणजे ०.२५ चौ. किमी असते. आपल्या छायाप्रतीवर १.४२ सेंमी बाजूची एक चौकट सुमारे २ चौ. सेंमी भरते आणि ती १ चौ. किमी दाखवते, म्हणजे इथे १ चौ. सेंमीला जवळजवळ ०.५ चौ. किमी पडतात. ज्याने प्रमाण दुरुस्त केले पण ते वर्ग न करता वापरले, त्याचे उत्तर अर्धवट सुधारते आणि म्हणूनच पटकन पकडले जात नाही. त्यामुळे क्षेत्रफळासाठी सेंटिमीटरच्या वाटेने जाऊच नये, असे माझे मत आहे. तलावाने किंवा जंगलाने जाळीच्या किती पूर्ण आणि किती अर्ध्या चौकटी व्यापल्या ते मोजावे. चौकट कागदाबरोबर आखडते, पण १ चौ. किमीच दाखवते.

तिसरी तपासणी: दोन रेषांमधील उंचीचा फरक

लगतच्या दोन समोच्च रेषांमध्ये उंचीचा किती फरक धरला आहे, हे समासात छापलेले असते. १:५०,००० पत्रकांवर तो अनेकदा २० मीटर असतो, पण दर वेळी तसाच असेल असे धरून चालू नये. ब्रिटनच्या १:५०,००० नकाशांवर तो १० मीटर आहे आणि अमेरिकेच्या जुन्या १:२४,००० पत्रकांवर तो फुटांत दिलेला असतो. छायाप्रतीत समास कापला गेला असेल तर तो शोधून काढावा लागतो, आणि इथे एक ठरलेली चूक होते.

आपल्या पत्रकावर जाड रेषांवर ७०० आणि ८०० असे आकडे आहेत आणि त्यांच्यामध्ये चार बारीक रेषा दिसतात. विद्यार्थी १०० ला चाराने भागतो आणि २५ मीटर लिहितो. पण उंची रेषांमध्ये नसून रेषांमधल्या जागांमध्ये वाढते. चार बारीक रेषांमुळे ७०० ते ८०० दरम्यान पाच जागा तयार होतात, म्हणून फरक १०० ÷ ५, म्हणजे २० मीटर आहे. चार उभ्या खांबांमुळे दोन भिंतींमधली जागा पाच खणांत विभागली जाते, तसेच हे आहे. उत्तर खरे आहे का, हे पाहण्यासाठी ७०० पासून एकेक रेषेवर बोट ठेवत ७२०, ७४०, ७६०, ७८० असे मोठ्याने म्हणत जावे. पुढच्या जाड रेषेवर ८०० यायला हवेत. २५ धरले असते तर चौथ्या बारीक रेषेवरच ८०० झाले असते आणि जाड रेषेवर ८२५ आले असते.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगतो. कागद लहान केल्याने आडवी अंतरे बदलतात, उंचीचा फरक बदलत नाही. छायाप्रतीवरही दोन रेषांमधला फरक २० मीटरच आहे. पहिली तपासणी शिकलेले काही जण उत्साहाने उंचीलाही १.४१ ने गुणतात. ते चूक आहे, कारण रेषेचा आकडा हा समुद्रसपाटीपासूनची उंची सांगणारा मजकूर आहे, ते कागदावर मोजलेले माप नव्हे.

‘ब’ या माथ्यावर उंचीचा आकडा छापलेला नाही. त्याभोवतीची शेवटची बंद रेषा ८२० ची आहे. विद्यार्थी माथ्याची उंची ८२० मीटर लिहितो. प्रत्यक्षात माथा ८२० पेक्षा उंच आहे, पण ८४० पर्यंत पोहोचत नाही, नाहीतर ८४० ची रेषा काढली गेली असती. ‘८२० ते ८४० मीटरच्या दरम्यान’ हेच नकाशा देऊ शकतो असे पूर्ण उत्तर आहे. ‘अ’ हा बिंदू नेमका ६४० च्या रेषेवर आहे. म्हणून चढ किमान १८० मीटर आणि २०० मीटरपेक्षा कमी, असे लिहावे.

चौथी तपासणी: चढ कोणत्या बाजूला आहे?

मूळ पत्रकावर समोच्च रेषा तपकिरी, पाणी निळे आणि वनस्पती हिरव्या रंगात असते. काळ्या-पांढऱ्या छायाप्रतीत हे सगळे एकाच काळ्या रंगाचे होते आणि ओढा समोच्च रेषेसारखा दिसू लागतो. रंग गेल्यावर ओळख रेषेच्या वागण्यावरून करावी. ओढ्याला ओढा येऊन मिळतो, समोच्च रेषेला समोच्च रेषा मिळत नाही. सरळ तुटलेल्या कड्याजवळ दोन रेषा एकमेकींना चिकटल्यासारख्या दिसतात, पण त्याही पुढे वेगळ्या होतात. समोच्च रेषा मध्येच संपत नाही. ती स्वतःशी जुळते किंवा पत्रकाच्या कडेपर्यंत जाते. ओढा मात्र डोंगरउतारावर कुठेतरी सुरू होतो.

यानंतर दरी आणि सोंड यांचा गोंधळ येतो. दोन्ही ठिकाणी रेषा इंग्रजी ‘व्ही’ सारख्या वाकतात. टोक अधिक उंचीच्या आकड्यांकडे असेल तर ती दरी, आणि कमी उंचीच्या आकड्यांकडे असेल तर ती सोंड. हा नियम पाठ करून विसरला जातो, म्हणून त्याचे कारण समजून घ्यावे. आपण ७०० मीटर उंचीवरून डोंगराला वळसा घालत चाललो आहोत आणि वर-खाली व्हायचे नाही, अशी कल्पना करावी. वाटेत दरी आली की तेवढीच उंची राखण्यासाठी आपल्याला दरीत आत, म्हणजे डोंगराच्या बाजूला वळावे लागते, ओढा ओलांडावा लागतो आणि पुन्हा बाहेर यावे लागते. समोच्च रेषा म्हणजे याच चालण्याचा माग आहे. म्हणून तिचे टोक ओढ्याच्या उगमाकडे असते.

आकडे अस्पष्ट असतील तर आणखी एक आधार आहे. बहुतेक स्थलदर्शक नकाशांवर समोच्च रेषेवरचा आकडा असा लिहितात की त्याचा माथा चढाच्या बाजूला राहतो. तो आकडा सरळ वाचता येईल असा कागद फिरवला की वरची बाजू चढाची ठरते. बंद रेषेच्या आतल्या बाजूला लहान दातेरी रेघा असतील तर मात्र तो माथा नसून खोलगट भाग आहे.

पाचवी तपासणी: उतार आणि उभा छेद

उतार म्हणजे उंचीचा फरक भागिले आडवे अंतर, आणि दोन्ही एकाच एककात हवेत. ‘अ’ ते ‘ब’ उंचीचा फरक किमान १८० मीटर, आडवे अंतर ३,५९० मीटर. भागाकार ०.०५ येतो, म्हणजे उतार साधारण २० ला १ आणि कोन सुमारे २.९° आहे. चुकीच्या २.५५ किमीवरून हाच उतार १४ ला १ आला असता आणि कोन ४° निघाला असता. पहिल्या तपासणीतील चूक अशी इथपर्यंत वाहत येते. म्हणूनच उतारापासून तपासायला सुरुवात करू नये.

पुष्कळ विद्यार्थ्यांना इथे एक रास्त शंका येते. नकाशा आडवे अंतर देतो, पण माणूस तिरक्या उतारावरून चालतो, मग खरे अंतर जास्त नको का? हवे, पण किती जास्त ते पाहावे. या उदाहरणात तिरके अंतर आडव्या अंतरापेक्षा साडेचार मीटरने अधिक भरते, म्हणजे कागदावर ते दिसतही नाही. उतार ३०° असेल तर मात्र तिरके अंतर सुमारे १५ टक्के जास्त होते, तेव्हा ते धरावे लागते.

सरासरी उतार काढून थांबू नये, कारण तो डोंगराचा आकार लपवतो. छायाप्रतीवर ‘अ’ पासून ३.४ सेंमीपर्यंत जमीन ६४० वरून फक्त ७०० पर्यंत चढते आणि उरलेल्या १.७ सेंमीत ती ८२० ची रेषा ओलांडून माथ्यावर जाते. पहिल्या भागात २.३९ किमीला ६० मीटर, म्हणजे ४० ला १. दुसऱ्या भागात १.२ किमीला किमान १२० मीटर, म्हणजे १० ला १. खाली मंद आणि वर तीव्र असा हा अंतर्वक्र उतार आहे. रेषा पायथ्याशी विरळ आणि माथ्याकडे दाट दिसतात, त्या यामुळेच.

आता १९° च्या लक्षणाकडे येतो. विद्यार्थी आलेखकागदावर उभा छेद काढतो आणि त्यावर कोनमापक ठेवून उतार मोजतो. छेदात उंचीसाठी १ सेंमीला १०० मीटर, म्हणजे १:१०,००० प्रमाण घेतलेले असते, आणि आडवे प्रमाण १:७०,४०० असते. उंची आडव्या अंतराच्या तुलनेत सातपट ताणली गेली आहे. २.९° चा उतार अशा चित्रात सुमारे १९° दिसतो. हे ताणणे चूक नाही, कारण त्याशिवाय छेद जवळजवळ सपाट रेघ दिसेल. चूक फक्त त्या चित्रावर कोनमापक ठेवण्यात आहे. उभ्या छेदाखाली ‘उभे प्रमाण ७ पट’ असे लिहावे आणि उतार नेहमी आकड्यांवरूनच काढावा.

सहावी तपासणी: प्रक्षेपण

उत्तर चुकले की काही जण लगेच प्रक्षेपणाकडे बोट दाखवतात, म्हणून ही तपासणी मी मुद्दाम उशिरा ठेवली आहे. एका स्थलदर्शक पत्रकावर प्रक्षेपणाचा दोष मोजपट्टीने सापडत नाही. अशा नकाशांसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या यूटीएम प्रक्षेपणात विभागाच्या मध्य रेखावृत्तावर प्रमाण ०.९९९६ पट असते, म्हणजे १ किमीमागे ४० सेंमीचा फरक. १:५०,००० नकाशावर ०.२ मिमी जाडीची रेघच १० मीटर व्यापते, तिथे ४० सेंमी कुठे दिसणार? तुमचे उत्तर एक किलोमीटरने चुकले असेल तर दोष प्रक्षेपणाचा नाही, पहिल्या तपासणीकडे परत जावे.

लघुप्रमाणाच्या, म्हणजे खंड किंवा जग दाखवणाऱ्या नकाशावर मात्र चित्र उलट होते. मर्केटरने १५६९ मध्ये मांडलेल्या प्रक्षेपणात रेखावृत्ते समांतर उभ्या रेषा असतात. गोलावर ती ध्रुवांकडे एकत्र येतात, नकाशावर येत नाहीत, म्हणून पूर्व-पश्चिम अंतरे ताणली जातात. कोन बिघडू नयेत यासाठी उत्तर-दक्षिण अंतरेही त्या त्या ठिकाणी तेवढीच ताणली जातात. ६०° अक्षांशावर हा ताण दुप्पट, म्हणून क्षेत्रफळ चौपट. आफ्रिका ग्रीनलंडच्या सुमारे १४ पट मोठा असूनही या नकाशावर दोन्ही सारखे दिसतात ते यामुळेच.

ऑस्लो आणि सेंट पीटर्सबर्ग ही दोन्ही शहरे जवळजवळ ६०° उत्तर अक्षांशावर आहेत आणि त्यांच्या रेखांशांत सुमारे १९.६° अंतर आहे. मर्केटर नकाशावर विषुववृत्तासाठी दिलेल्या प्रमाणाने मोजले तर त्यांच्यामध्ये सुमारे २,१८० किमी अंतर निघते. प्रत्यक्षात ते सुमारे १,०९० किमी आहे. इथे मोजपट्टी बरोबर आहे, आकडेमोडही बरोबर आहे, फक्त वापरलेले प्रमाण त्या अक्षांशाचे नाही. तपासण्याचा सोपा उपाय असा की मोजायच्या जागेजवळ अक्षांशाच्या १° चे नकाशावरील अंतर मोजावे. ते सर्वत्र साधारण १११ किमी दाखवते. तेच माप विषुववृत्ताजवळ घेऊन दोन्हींची तुलना करावी. दोन मापे वेगळी आली तर नकाशाच्या खालचे एकच रेषाप्रमाण सर्वत्र चालणार नाही.

कुठे थांबावे

वरच्या सहा तपासण्यांनंतरही उत्तर जुळत नसेल, तर काही दोष विद्यार्थ्याने सोडवण्याचे नसतात. मोबाइलच्या जीपीएसने दिलेले स्थान जुन्या पत्रकावर मांडले आणि ते शंभर मीटर किंवा त्याहून जास्त सरकलेले दिसले, तर दोन्हींचे भूमापन-आधार वेगळे असण्याची शक्यता आहे. जुनी पत्रके एव्हरेस्ट लंबगोलावर आधारलेली असतील आणि जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ वापरत असेल, तर असे होते. सर्व बिंदू अंदाजाने ठराविक मीटर सरकवून नकाशा ‘जुळवू’ नये. हे रूपांतर नकाशाशास्त्र किंवा जीआयएस जाणणाऱ्या व्यक्तीकडून करून घ्यावे. शेजारची दोन पत्रके कडेला जुळत नसतील तरी तेच.

दुसरी मर्यादा नकाशाच्या अचूकतेचीच आहे. अमेरिकेच्या १९४७ च्या नकाशा-अचूकता निकषांनुसार तपासलेल्या बिंदूंपैकी किमान ९० टक्के बिंदूंच्या उंचीतील चूक समोच्च रेषांमधील फरकाच्या निम्म्याच्या आत असावी लागते. म्हणजे २० मीटर फरकाच्या, चांगल्या दर्जाच्या नकाशावरही १० मीटरची चूक मान्यच आहे. त्यामुळे जमिनीची हद्द, इमारतीचा पाया, पाटाचा उतार, पूररेषा किंवा दरड कोसळण्याचा धोका यांपैकी काहीही १:५०,००० नकाशावरून ठरवू नये. तिथे नकाशा मिटवून परवानाधारक भूमापकाला, आणि दरडीच्या बाबतीत भूवैज्ञानिकाला बोलवावे.

सराव

पुढील वर्णनावरून साध्या कागदावर आकृती काढावी आणि उत्तरे पाहण्याआधी स्वतः सोडवावे.

पत्रकावर १:२५,००० छापलेले आहे. १ किमी जाळीच्या चौकटीची बाजू ५.६ सेंमी भरते. समास कापला गेला आहे. ३०० आणि ३५० अशा दोन जाड रेषांमध्ये चार बारीक रेषा आहेत. ‘प’ हा बिंदू ३१० च्या रेषेवर आहे. ‘क्ष’ हा टेकडीचा माथा असून त्याभोवतीची शेवटची बंद रेषा ३६० ची आहे. ‘प’ ते ‘क्ष’ सरळ अंतर ८.४ सेंमी आहे. या रेषेवर ‘प’ पासून १, २ आणि ३ सेंमीवर अनुक्रमे ३२०, ३३० आणि ३४० च्या रेषा, ४.२ सेंमीवर ३५० ची आणि ६.४ सेंमीवर ३६० ची रेषा लागते. ३२० ते ३४० च्या रेषांची टोके ‘प’ च्या दिशेने आहेत. शेजारच्या जंगलाचे क्षेत्रफळ कागदावर १५.७ चौ. सेंमी भरते.

(१) कागदाचे खरे अंकप्रमाण किती? (२) ‘प’ ते ‘क्ष’ अंतर किती? (३) ‘क्ष’ ची उंची आणि सरासरी उतार किती? (४) ‘प’ वरून ‘क्ष’ कडे जाणारी वाट दरीतून जाते की सोंडेवरून? (५) जंगलाचे क्षेत्रफळ किती? (६) ‘क्ष’ वर उभे राहून ‘प’ दिसेल का?

उत्तरे. (१) १:२५,००० वर चौकट ४ सेंमी भरायला हवी होती. ती ५.६ सेंमी आहे, म्हणजे कागद मोठा केलेला आहे. १,००,००० ÷ ५.६ केले की सुमारे १:१७,९०० हे प्रमाण येते. (२) ८.४ ÷ ५.६ = १.५ किमी. छापलेल्या प्रमाणाने २.१ किमी आले असते. (३) पाच जागांत ५० मीटर, म्हणून रेषांमधला फरक १० मीटर. माथा ३६० ते ३७० मीटरच्या दरम्यान आहे. चढ ५० ते ६० मीटर, म्हणून उतार ३० ला १ ते २५ ला १ यांच्या दरम्यान, म्हणजे साधारण २°. (४) टोके कमी उंचीकडे आहेत, म्हणून वाट सोंडेवरून जाते. (५) एक चौकट ५.६ × ५.६, म्हणजे ३१.३६ चौ. सेंमी आहे आणि ती १ चौ. किमी दाखवते. म्हणून जंगल सुमारे ०.५ चौ. किमी आहे. छापलेल्या प्रमाणाने ते जवळजवळ १ चौ. किमी निघाले असते. (६) दिसणार नाही. रेषा खाली दाट आणि वर विरळ आहेत, म्हणजे उतार बहिर्वक्र आहे. माथा ३६५ मीटर धरला तर ‘क्ष’ पासून ‘प’ कडे जाणारी दृष्टिरेषा मध्यावर, म्हणजे ४.२ सेंमीवर, सुमारे ३३७ मीटर उंचीवर असते. तिथे जमीन ३५० मीटर उंच आहे, म्हणून ‘प’ तिच्या आड जातो.